आगीत सापडलेली टाकी परत घेता घेईनात

आमचं तासगावचं घर जुनं. मागच्या पडवीत पाणी तापवायचा बंब, त्याच्यापासून तीन हातांवर गॅसची भरलेली दुसरी टाकी, आणि मध्ये चिपाडांची पोती. जानेवारीत बंबातली ठिणगी पोत्यावर उडाली आणि जाळ टाकीच्या खांद्यापर्यंत चढला.

दीर टाकी ओढायला धावले. सासूबाईंनी ओरडून अडवलं, म्हणून आज ते धड आहेत. टाकीत खाली पातळ गॅस असतो, तो पत्र्याची उष्णता ओढून घेतो. वर नुसती वाफ असते, तिथला पत्रा लगेच तापतो आणि मऊ पडतो, त्यात आतला दाब वाढत जातो. आम्ही शेजाऱ्यांसकट सगळे लांब रस्त्यावर आलो आणि १०१ला फोन केला. जवानांनी भिंतीआडून पाणी मारलं, आणि जाळ विझल्यावरही मारतच राहिले. खांद्यावरचा एक पट्टा भराभर सुकत होता, वाफ निघत होती. तो ओलाच राहायला लागला तेव्हा थांबले.

खरा ताप पुढेच. गॅसगळतीच्या मदतीचा नंबर १९०६, त्यावर कळवल्यावर मेकॅनिक आला. त्याने व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले नाहीत. टाकी उघड्या परसात उभी ठेवली आणि म्हणाला, "रेग्युलेटर लावू नका, आतलं रबर भाजलेलं असणार." ती द्यायला एजन्सीत गेले, तर काउंटरवरचा म्हणतो, भरलेली परत घेत नाही, वापरून संपवा आणि रिकामी द्या! जी पेटवायची नाही ती संपवायची कशी? दुसऱ्या खेपेला, रंग उडालाय, रंगवून आणा. रंगवली असती तर ती भाजली होती हे पुढच्याला कळलंच नसतं; तपासणी न होता पुन्हा भरून कुणाच्या तरी घरात गेली असती. तिसऱ्या खेपेला साहेब नाहीत. एकोणीस दिवस नातवंडांना परसात पाऊल टाकू दिलं नाही.

शेवटी मी अर्ज लिहिला. टाकीचा नंबर, आगीची तारीख, करपलेल्या भागाचे फोटो, आणि एक वाक्य: "वापरून संपवा, असं आपल्या काउंटरवर सांगितलं गेलं." दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला. शिक्का मारायच्या आधी साहेब सापडले. दुसऱ्या दिवशी माणूस आला, टाकीवर 'आगीत सापडलेली' अशी चिठ्ठी बांधली आणि बदली टाकी दिली. हा अर्ज पहिल्याच खेपेला न्यायला हवा होता.

टाकीला दोरीने बांधलेली पांढरी टोपी आम्ही पूर्वी काढून फेकत असू. आता भरलेल्या टाकीवर ती घट्ट बसवून ठेवते. जिन्याखालीही ठेवत नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. टाकी आता ओट्याच्या उत्तर बाजूला उभी असते, सावलीत, वारा लागेल अशी. बंब तिथून दिसतही नाही.