सहा गोष्टींचा मथळा आणि दहाचा हट्ट

फोनची बॅटरी लवकर का संपते, यावरचा माझा लेख लिहून झाला, तपासून झाला आणि चित्रांसह मांडूनही झाला. त्यात कुठेच अडचण आली नाही. अडला तो फक्त मथळा. ज्या संस्थेसाठी मी तो लेख लिहिला होता, तिथे मथळ्याला दोन विभागांची मंजुरी लागते. प्रसार विभाग मथळा वाचकाला ओढतो का हे पाहतो आणि पडताळणी विभाग तो खरा आहे का हे पाहतो. हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. लेखकामार्फत एकमेकांना टिपणे पाठवतात. त्या दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

माझा मथळा होता : ‘फोनची बॅटरी संपवणाऱ्या ७ गोष्टी’. प्रसार विभागाने तो बदलून पाठवला : ‘तुमची बॅटरी गुपचूप खाणाऱ्या १० धक्कादायक सवयी, पाचवी वाचून विश्वास बसणार नाही!’ सातच्या दहा कशा होणार, याचे उत्तरही सोबत होते. स्क्रीनचा उजेड आणि स्क्रीन बंद होण्याचा अवधी वेगळे मोजा, डार्क थीमचा एक मुद्दा घाला, आणखी एखादा सहज सापडेल.

मथळ्यातल्या आकड्याला मुळीच विरोध नाही. अक्षरांच्या ओळीत आकडा चटकन दिसतो आणि आत काय आहे, वाचायला साधारण किती वेळ लागेल, हे तो वाचकाला आधीच सांगतो. पण म्हणूनच तो एक वचनही असतो. डार्क थीमचेच घ्या. ओएलईडी स्क्रीनवर काळा भाग उजळतच नाही, म्हणून वीज वाचते. एलसीडी स्क्रीनमागचा दिवा मात्र काळ्या पानावरही जळतच राहतो. म्हणजे आकडा वाढवण्यासाठी घातलेला हा मुद्दा अनेक वाचकांच्या बाबतीत खोटाच ठरला असता. यादी भरताना असे मुद्दे नेहमी मधल्या क्रमांकांवर लपवले जातात. फुगवलेली यादी ओळखायची असेल तर आधी मधले मुद्दे वाचावेत.

पडताळणी विभागाचा अर्ज दुसऱ्या टोकाचा होता. त्यात एक रकाना होता : ‘मथळ्यातील प्रत्येक दाव्याचा आधार लेखातील कोणत्या परिच्छेदात आहे?’ रकाना पाहून मी चिडलो, पण मथळा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी भरून पाहावा. ‘संपवणाऱ्या’ या क्रियापदापाशीच एक मुद्दा गळाला. उष्णतेमुळे बॅटरी आज लवकर संपते असे नव्हे, तर ती महिनोन्‌महिने झिजते आणि तिची साठवण क्षमता घटते. तो मुद्दा खरा होता, पण या मथळ्याखालचा नव्हता. तो काढला आणि सहा उरले : स्क्रीनचा उजेड, अशक्त नेटवर्क, सतत चालू असलेले लोकेशन, नेहमी जागा राहणारा डिस्प्ले, वाढवलेला रिफ्रेश रेट आणि सतत होणारे सिंक.

इथपर्यंत सगळे समजण्यासारखे होते. खरी कोंडी शब्दांवर झाली. पडताळणी विभागाने ‘धक्कादायक’ आणि ‘गुपचूप’ हे दोन्ही शब्द ‘पॉवर वर्ड्स’, म्हणजे वाचकाच्या भावना चाळवणारे शब्द, म्हणून एकाच शेऱ्यात कापले, तर प्रसार विभागाने दोन्ही परत घातले. माझ्या मते दोघेही चुकत होते, कारण हे शब्द एका जातीचे नाहीत. ‘धक्कादायक’ हा शब्द वस्तूविषयी काहीच सांगत नाही. वाचकाला काय वाटावे, हे तो आधीच ठरवतो. त्याचा आधार कोणत्याही परिच्छेदात सापडणार नाही. ‘गुपचूप’ मात्र तपासता येतो. नेटवर्क अशक्त असताना फोन अधिक शक्तीने संदेश पाठवतो आणि टॉवर शोधत राहतो. त्या वेळी स्क्रीन बंद असते आणि फोन वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. याला गुपचूप म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? ‘हमखास’, ‘मोफत’, ‘घातक’ हे शब्दही असेच एकेक करून तपासावेत, त्यांची सरसकट यादी करून नव्हे. शिवाय अशा शब्दांचा जोर प्रसार विभाग समजतो तितका नसतो. अपवर्दी या संकेतस्थळाच्या हजारो मथळा-चाचण्यांवरील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी लांबीच्या मथळ्यातल्या प्रत्येक जादा नकारात्मक शब्दामागे क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. ही वाढ आधीच्या प्रमाणाच्या तुलनेत आहे. म्हणजे शंभर वाचकांमागे जिथे चार क्लिक येतात, तिथे फरक पडतो तो एका क्लिकच्या दशांशाएवढा.

‘पाचवी वाचून विश्वास बसणार नाही’ हे शेपूट काढायला प्रसार विभाग तयार झाला, पण त्याबदल्यात कुतूहल हवे म्हणाला. मी सुचवले : ‘फोनची बॅटरी गुपचूप संपवणाऱ्या ६ गोष्टी, आणि एक जिला उगाच दोष दिला जातो’. ही सातवी गोष्ट म्हणजे मागे उघडी राहिलेली ॲप्स. फोन ती बहुधा गोठवूनच ठेवतो; बोटाने सरकवून बंद केली, तर पुन्हा उघडताना जास्त वीज लागू शकते. आता पडताळणी विभाग अडून बसला : माहिती दडवलेली आहे, म्हणजे हा क्लिकबेट. फेसबुकने २०१६ साली असे मथळे मागे ढकलायचे ठरवले, तेव्हा माहिती दडवणे आणि वाचकाची दिशाभूल होईल इतके फुगवून सांगणे हे दोन निकष ठेवले होते. त्यातला पहिला माझ्यावर रोखला गेला.

माझे उत्तर असे होते की उत्तर प्रत्येकच मथळा मागे ठेवतो, नाहीतर लेखाची गरज काय? प्रश्न आहे तो विषय दडवला आहे का, हा. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली मांडले की आपल्याला ठाऊक असलेले आणि जाणून घ्यावेसे वाटणारे यांत दरी दिसली की कुतूहल जागे होते. म्हणजे आधी वाचकाच्या हाती काहीतरी द्यावेच लागते. माझ्या मथळ्यावरून हा लेख आपल्या कामाचा आहे की नाही, हे वाचकाला क्लिक करण्याआधीच ठरवता येत होते. ‘विश्वास बसणार नाही’वरून ते ठरत नव्हते. शेवटी तडजोड झाली ती त्या सातव्या गोष्टीच्या जागेबाबत : दोष दिली जाणारी गोष्ट यादीच्या तळाशी न ठेवता दुसऱ्याच परिच्छेदात सांगायची. मंजुरी आली तेव्हा मला आनंदापेक्षा थकवा अधिक जाणवला.

मधल्या काळात प्रसार विभागाने दोन मथळे लावून चाचणीही घेतली होती. दोन्ही हजार-हजार वेळा दिसले. माझ्या मथळ्याला ४० क्लिक आल्या, त्यांच्या मथळ्याला ५०, आणि ते जिंकल्याचे कळवले गेले. एवढ्या संख्येवर दहाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. दहा-दहा हजारांवर ४०० आणि ५०० असते, तर मी निमूट मानले असते. त्याशिवाय क्लिक एकट्या मोजू नयेत. क्लिक करून आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या मुद्द्यापर्यंत टिकले, हे शेजारी ठेवावे. क्लिक भरपूर आणि वाचन पहिल्याच पडद्यावर संपलेले दिसले, तर मथळ्याने दिलेले वचन आत पाळलेले नसण्याची शक्यता मोठी असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुद्दा काढला की आकडा फक्त मथळ्यात बदलून भागत नाही. पहिल्या परिच्छेदात, चित्रावर आणि शेअर करताना दिसणाऱ्या मजकुरातही तो असतो. आमच्या चित्रावर प्रसार विभागाने ‘१०’ आधीच छापून ठेवले होते, आणि ते बदलण्यासाठी तिसऱ्याच विभागाचा अर्ज होता.