आमची वाटचाल : दोन बाटल्यांचं सरबत आणि पंधराव्या दिवसाची मोजणी

आमचं कोकम सरबत गुळातलं आहे, हे आधी सांगते, कारण पुढची सगळी कथा त्या गुळाच्या रंगातून निघाली.

कुडाळजवळ आमचं युनिट 2016 मध्ये सुरू झालं. पहिली वर्षं आमसूल, आगळ आणि साखरेतलं लाल सरबत यांत गेली. माल होत होता, खपत होता. 2021 च्या मे महिन्यात पहिल्यांदा रातांबे फोडून साखरेऐवजी गुळाची भुकटी भरली. आठ दिवसांनी रस गाळला तेव्हा चव अशी उतरली होती की मी चमचाभर घेऊन बराच वेळ नुसती उभी राहिले. पण रंग काळपट तपकिरी. कोकम सरबत म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे लाल रंग येतो. आमची बाटली रॅकवर बघून लोक विचारायचे, "जुनी आहे का हो?" असला माल जाहिरातीनं खपत नाही, तो चाखायलाच द्यावा लागतो. म्हणून डेमोचा विचार आला.

माझी नणंद डोंबिवलीला राहते. धंद्यात पहिले पैसे तिनेच घातले आणि डोंबिवलीतले डेमो ती स्वतः उभी राहून करते. आमच्या पहिल्या पाच डेमोंचं सामान म्हणजे पाच लिटरचं नळाचं स्टीलचं पिंप, एक घडीचं टेबल, कागदी पेले आणि साखरेचं प्रमाण मोजणारा माझा हातातला रिफ्रॅक्टोमीटर. पिंप स्टीलचंच हवं. कोकम आंबट, त्यामुळे पितळ-तांब्याशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. रिफ्रॅक्टोमीटर मी जिवापाड जपते. काचेवर थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून बघायचं. सिरपमधली साखर 65 टक्क्यांच्या खाली गेली तर पुढे फसफसण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक लॉट मी स्वतः बघते. त्या सिरपचं एक माप आणि पाण्याची पाच मापं घेतली की तयार सरबत साडेतेराच्या आसपास येतं.

पहिल्याच डेमोला पिंपात बर्फ टाकला होता. पाच वाजता सरबत साडेतेरा होतं. सात वाजता नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, लोक तोंडात घेतात आणि पेला ठेवून देतात." रिफ्रॅक्टोमीटर तिच्याकडेच होता, तिने बघितलं तर अकरा. चार लिटर सरबतात जवळजवळ एक लिटर बर्फाचं पाणी मिसळलं होतं. सहानंतर आलेल्या गिऱ्हाइकाने आमचं सरबत प्यायलंच नाही, त्याने वेगळंच काही प्यायलं. तेव्हापासून बर्फ सरबतात जात नाही. सकाळी पाण्याच्या बाटल्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि संध्याकाळी त्याच पाण्याने सरबत करायचं.

आता 2022 चा उन्हाळा. ते वर्ष मी विसरणार नाही.

पाच दुकानांत बरं चाललं म्हणून आम्ही एका डिस्ट्रिब्युटरच्या भरवशावर एका एप्रिलमध्ये 30 दुकानं धरली. डेमोसाठी एजन्सीच्या मुली घेतल्या. डिस्ट्रिब्युटरने डेमोच्या नावाखाली प्रत्येक दुकानात एकाहून जास्त बॉक्स उतरवले. आम्हाला वाटलं, माल गेला. माल गेला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. दुकानदाराने तो विकत घेतला असं आम्ही धरून चाललो. त्याच्या हिशोबात तो जाकड होता, खपला तर पैसे, नाहीतर परत.

त्याच महिन्यात आमच्यासारखंच गुळाचं सरबत घेऊन दुसरी एक कंपनी आली. नाव घेत नाही. आमचा डेमो शनिवारी असला की त्यांचं टेबल त्याच दुकानासमोर, त्याच शनिवारी. आमच्या 50 मिलीच्या पेल्यासमोर त्यांचा भरलेला ग्लास आणि एकावर एक फ्री. तेवढं मी सहन केलं असतं. पण त्यांची मुलं सांगत होती, "साखर नाही, डायबिटीसवाल्यांना बिनधास्त चालतं." गूळ म्हणजे साखरच की! उसाचीच. ज्याला डायबिटीस आहे त्याला गुळाचं सरबत चालतं असं सांगणं हा नुसता खोटा प्रचार नाही, ते त्याच्या जिवाशी खेळणं आहे. एक आजोबा संतापून आमच्या टेबलाशी आले. घरी शुगर वाढली म्हणून. त्यांनी बाटली त्या दुसऱ्या कंपनीची घेतली होती, पण दोन्ही बाटल्यांवर गुळाची ढेप आणि दोन्ही सरबतं तपकिरी. नणंदेने खाली मान घालून ऐकून घेतलं. आजही कोणी विचारलं तर आम्ही सरळ सांगतो : यात गूळ आहे, तुम्ही घेऊ नका. एक बाटली जाते, जाऊ दे.

जूनमध्ये पाऊस लागला. पावसात सरबताकडे कोण बघतो? जुलैत डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो आला आणि 58 बॉक्स परत उतरले. बॉक्समध्ये 12 बाटल्या, दुकानाला आमचा दर 135 रुपये. म्हणजे जवळजवळ 94 हजारांचा माल परत, वर त्याचं भाडं आमच्या बिलात. एजन्सीचे पैसे देऊन झालेले. रातांब्यांचे पैसे बागायतदारांना द्यायचे होते, आणि ते लोक वर्षभर त्या पैशांची वाट बघतात. त्या महिन्यात युनिट बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं.

बंद केलं नाही ते डोंबिवलीच्या एका शेठमुळे. पूर्वेला त्यांचं किराणा दुकान आहे, कच्छी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी एकट्यांनी बॉक्स परत पाठवले नाहीत. नणंदेला म्हणाले, "ताई, तुमची बाटली माझ्याकडे जाते. पण तुम्ही आलात त्या दिवशी नाही, नंतर." आणि गल्ल्यातून वही काढून दाखवली. डेमोच्या संध्याकाळी त्यांच्याकडे 14 बाटल्या गेल्या होत्या. पुढच्या पंधरा दिवसांत, टेबल नाही, पेले नाहीत, 19 गेल्या होत्या.

आम्ही तोवर फक्त त्या संध्याकाळचा आकडा बघत होतो. बाकी दुकानांकडून पंधराव्या दिवसाचा आकडा मागवला. बहुतेक ठिकाणी दोन, तीन, एका ठिकाणी शून्य. चव तीच, बाटली तीच. मग शेठकडे वेगळं काय होतं?

ते आमच्या लक्षात आलं नाही, तिथल्या एका गिऱ्हाइक बाईंनी बोलून दाखवलं. शेठचं दुकान अरुंद, पिंप ठेवायला जागाच नव्हती. म्हणून नणंद तिथे छोट्या जगमध्ये लोकांसमोर सरबत कालवायची. त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही दोन चमचे घालताना बघितलं, म्हणून घरी बरोबर झालं. बहिणीने दुसऱ्या दुकानातून नेली, तिने अर्धा ग्लास ओतलं आणि म्हणाली, गोड मिट्ट आहे." पिंपातून सरबत पिणाऱ्याला कळतच नव्हतं की बाटलीतून किती घ्यायचं. कोणी जास्त घालत होतं, कोणी काटकसरीने थेंबभर. घरी चव बिघडली की दोष बाटलीला, आणि दुसरी बाटली कोणी घेत नाही.

पिंप तेव्हापासून युनिटच्या माळ्यावर आहे. आता जग आणि घरातलाच मोठा चमचा असतो. ग्लासभर पाण्याला सपाट दोन चमचे, असं मोठ्याने म्हणत कालवायचं. एका जगात 125 मिली सिरप आणि 625 मिली पाणी, त्यात 50 मिलीचे 15 पेले बसतात. त्याहून मोठा पेला देऊ नये. ग्लासभर प्यायलेल्याची तहान भागते आणि तो पुढे चालू लागतो.

आमचा आजचा हिशोब देते, कोणाला उपयोगी पडला तर बघा. एका संध्याकाळी तीन तासांत साधारण 150 पेले जातात. त्याला लागतं सव्वा लिटर सिरप, म्हणजे 700 मिलीच्या दोन बाटल्यासुद्धा पुरत्या संपत नाहीत. आमच्या खर्चाने त्या 200 रुपयांच्या. पेले 150 रुपयांचे, पिण्याच्या पाण्याचा जार आणि किरकोळ 100, उभं राहणाऱ्या बाईंचे 600, रिक्षा 50. झाले 1,100. एका बाटलीमागे आम्हाला 35 रुपये सुटतात. म्हणजे 32 बाटल्या गेल्या तर डेमोचा खर्च निघाला. हा आकडा एका संध्याकाळी गाठायला गेलात तर स्कीम द्याल, गळ्यात माराल आणि जुलैत टेम्पो दारात येईल. शेठच्या वहीतला हिशोब बघा : 14 आणि 19, मिळून 33.

म्हणून आम्ही तीन वेळा मोजतो. टेबल लावायच्या आधी रॅकवरच्या बाटल्या, टेबल उचलताना बाटल्या, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा. पेले मोजायला वेगळी वही लागत नाही. पेल्यांची 50 ची रांग किती संपली ते दिसतंच. मधल्या पंधरा दिवसांत दहापेक्षा कमी बाटल्या गेल्या तर त्या दुकानात दुसरा डेमो करत नाही. आणि डेमोच्या आधी दुकानात एकच बॉक्स ठेवतो. संपला तर दुकानदार फोन करतात, मग दुसरा.

वार-तारखेचं म्हणाल तर महिन्याचे पहिले दहा दिवस धरा, घराघरातला किराणा तेव्हाच भरला जातो. संकष्टी आली की आम्ही आधी तो दिवस टाळायचो, सरबतात जिरं म्हणून उपवासाच्या काही बायका पेला हातात घेऊन खाली ठेवायच्या. आता त्या दिवशी जिरं वगळून फक्त सैंधव घालतो आणि तसं विचारायच्या आत सांगतो. टेबल मात्र दुकानाच्या पायरीच्या आत. फुटपाथवर लावलेलं आमचं एक टेबल पालिकेची गाडी घेऊन गेली, ते परत मिळालं नाही.

ती दुसरी कंपनी आता त्या भागात दिसत नाही. मला त्याचा आनंद आहे असं म्हणत नाही, पण त्यांनी ज्या दुकानांत स्कीमची सवय लावली तिथे आजही दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "एकावर काय देता?" तिथे आमचं जमत नाही.

सध्या आमची 11 दुकानं आहेत. यंदाचे रातांबे पिकायला लागलेत, नवा लॉट मेअखेर तयार होईल, पण दुकानात मांडलेला माल गेल्या वर्षीचाच आहे. येत्या शनिवारी नणंद बाराव्या दुकानात उभी राहतेय. चमचा तोच, पाण्याच्या बाटल्या सकाळीच फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्यात.