चौथं चॅप्टर आणि कोपीवरची ती नोंद

मंगळवार, रात्री उशिरा

आज दिवसभर थिसिसचं ऊसतोडीच्या टोळ्यांवरचं चॅप्टर घेऊन बसले आणि सगळा दिवस एका परिच्छेदात गेला. त्यात वाक्य होतं, "कोपीवरच्या बायका उचलीबद्दल बोलत नाहीत, तो व्यवहार पुरुषांचा समजला जातो." कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, उचल म्हणजे सीझनआधी घेतलेली आगाऊ रक्कम. माझ्या गाईड मॅडमनी समासात एवढंच लिहिलंय, कुणासमोर बोलत नाहीत?

मग मूळ फील्डनोट्स काढल्या आणि त्या संध्याकाळची नोंद तीन भागांत फोडली. काय दिसलं, काय ऐकलं आणि मी काय ठरवलं. दिसलं ते असं की मुकादम मला कोपीवर घेऊन आला, माझ्यासाठी खुर्ची मागवली, आम्ही बोलत असताना तो तिथंच बसून होता, बायका चुलीपाशी होत्या, उत्तरं नवरे देत होते. ऐकलं ते एका बाईचं, "आमाला काय म्हाईत त्यातलं, त्यांनाच इचारा." बास. 'पुरुषांचा व्यवहार समजला जातो' हे ना दिसलं होतं ना कुणी म्हटलं होतं, ते तिसऱ्या भागातलं.

आता हा मुकादम म्हणजे कोण? सीझनच्या आधी गावाकडं जाऊन उचल देतो तो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं मोजतात, उचल त्या जोडीवर असते, पण बोलणी आणि सही बहुतेक वेळा नवऱ्याची, आणि पैसे फिटतात ते दोघांनी तोडलेल्या टनावर. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पुढच्या वर्षी उचल किती मिळणार हे पण बऱ्याच अंशी त्याच्याच मतावर. त्याच्यासमोर हिशोब बोलणं म्हणजे देणेकऱ्याने सावकारासमोर वही उघडणं.

आणि मी कोण? मी बागायतदाराची मुलगी, आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो, मुकादम वडलांना ओळखतो म्हणूनच मला कोपीवर प्रवेश मिळाला. म्हणजे त्या बाईने जे उत्तर दिलं ते मुकादम आणि मालकाची मुलगी अशा दोघांना मिळून दिलं.

दुसरी एक नोंद बरीच नंतरची आहे. तीच बाई शेताच्या बांधावर वाढ्यांच्या मोळ्या बांधत होती, जनावरांसाठी लोक विकत नेतात ती, आजूबाजूला पुरुष कुणी नव्हतं. तिथं तिने न विचारता उचलीचा अख्खा हिशोब सांगितला, किती घेतले, कितीचा ऊस पडला, पोरगं तापाने आजारी होतं तेव्हाचे खाडे किती धरले, आणि ते तिच्या मते जास्त धरलेत हे पण. म्हणजे माहिती तिच्याकडं होती, पैशापैशाची होती.

इथं मोह होतो की कोपीवरचं खोटं आणि बांधावरचं खरं असं लिहून मोकळं व्हावं. पण बांधावर पण मी मालकाचीच मुलगी होते ना, कदाचित खाड्याची तक्रार माझ्यामार्फत कारखान्यापर्यंत जावी असं तिला वाटलं असेल. म्हणून दोन्ही उत्तरं पुरावा म्हणूनच ठेवली. नवं वाक्य असं झालं, "मुकादम हजर असताना या बाईने उचलीचा हिशोब माहीत नसल्याचं सांगितलं, तो नसताना तपशीलवार मांडला, कर्जाच्या नात्यात माहीत नाही म्हणणं हा स्वतःचा हिशोब राखून ठेवण्याचा एक मार्ग असू शकतो." 'बोलत नाहीत' गेलं, 'सांगितलं' आलं, कारण वर्तमानकाळात लिहिलं की एका संध्याकाळचा सगळ्या बायकांचा स्वभाव होऊन बसतो.

सुरुवातीला "मी मराठा, शेतकरी कुटुंबातली, उच्चशिक्षित" असा एक पॅरा होता तो काढून टाकला. तो कुठल्याही थिसिसला चिकटवता येतो. आता कसोटी एकच, माझ्याबद्दलचं वाक्य खोडून बघायचं, युक्तिवाद तसाच उभा राहिला तर ते वाक्य नको, युक्तिवाद कोसळला तर ते तिथंच हवं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या गावात राहिले ते तिथल्या मुखियाच्या आसऱ्याने, आणि आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसलं हे त्यांनी पुढं मान्य केलं. मला ती कबुली पुस्तकाच्या एका कोपऱ्यात नको, प्रत्येक पुराव्याशेजारी हवी.

पण याची एक किंमत आहे आणि आज तिथंच अडकले. मी जितकं स्वतःबद्दल खरं लिहीन तितकं कारखाना ओळखणं सोपं, कारखान्यावरून मुकादम, मुकादमावरून टोळी, आणि मग पोराच्या तापाचे खाडे कुणाचे हे त्याला एका मिनिटात कळेल, टोपणनाव दिलं तरी. पुढच्या उचलीला तिलाच भोगावं लागेल. तालुका आधीच बदललाय. ताप आणि खाड्यांचा तपशील सध्या काढून "कपातीबद्दलची तक्रार" एवढंच ठेवलंय, पॅरा त्याने फिका पडला हे दिसतंय. सीझन संपून ती गावी गेली की मुकादम नसताना तिला हा भाग वाचून दाखवणार, ती हो म्हणाली तरच तपशील परत येईल.