रात्रपाळीतला स्क्वॉट

आज रात्रपाळीचा दुसरा दिवस. सकाळी 7 ला जळगाव एमआयडीसीतून सुटलो. पूर्वी मी तसाच जिमला जायचो. एकदा 60 किलोच्या स्क्वॉटला, जे एरवी सहज दहा वेळा होतं, चौथ्यालाच गुडघे आत वळले. तेव्हापासून व्यायाम घड्याळाला नाही, उठण्याला बांधलाय.

आज खिडकीला गोधडी लावून 8 ला झोपलो, 3 ला उठलो. कळण्याची भाकरी, दोन अंडी, आणि 5 ला जिम. पाळी कुठलीही असो, उठल्यावर आधी जेवण, मग दोन तासांनी व्यायाम. वारही सोडलेत, तीन व्यायामदिवस क्रमाने फिरतात, राहिला तर दुसऱ्या दिवशी तोच.

पाळी बदलली की पहिले तीन दिवस चाराऐवजी दोनच सेट. "भाऊ, वजनच कमी कर ना," मित्र म्हणाला. पण वजन तेच राहिलं तर थोड्या सेटांतही ताकद टिकते, आणि थकवा कमी येतो. फक्त वॉर्मअपचे 40 किलोच संथ वर आले, तर त्या दिवशी वजनही उतरवतो.

आज 40 झरकन गेले. 60 चे पाच-पाचचे दोन सेट केले आणि डबा भरायला घरी आलो.