६०० सैनिक, १५१ भांडी : ड्रेस्डेन आणि माइसेन

प्रागबद्दल मी काही लिहिणार नाही. शहर सुंदर आहे, पण पुलावर खांद्याला खांदा लागत होता आणि फोटो काढणाऱ्यांच्या रांगेत आमचा सगळा दिवस गेला. तिथून रेल्वेने ड्रेस्डेनला आले. माझा भाचा तिथल्या विद्यापीठात मटेरियल सायन्स शिकतो. "मावशी, चर्च नंतर बघू, आधी तुला भांडी दाखवतो," म्हणाला आणि थेट झ्विंगर राजवाड्यात घेऊन गेला. (सोमवारी हे दालन बंद असतं, बेत आखताना एवढं ध्यानात ठेवा.)

जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याचा पोर्सेलीनचा संग्रह तिथे आहे. चीनची आणि जपानची हजारो भांडी या एका माणसाने जमवली. पांढऱ्यावर निळ्या नक्षीचे झाकणवाले मोठे कलश एका ठिकाणी ओळीने उभे आहेत. प्रत्येक साधारण एक मीटर उंच. चीनमध्ये कांग्शी बादशहाच्या काळात, जिंगदजनच्या भट्ट्यांमध्ये भाजलेले. एवढं भांडं चाकावर एका दमात उचलता येत नाही. ते दोन-तीन भागांत घडवतात आणि ओल्या मातीच्या राबडीने जोडतात. तिरप्या उजेडात पोटावरून नजर फिरवली की सांध्याचा आडवा उंचवटा कळतो. मी तो शोधत उभी होते.

तेवढ्यात शेजारी एक पर्यटकांचा गट आला. त्यांच्या गाइडने सांगितलं की हे कलश राजाने सैनिक देऊन घेतले, आणि सगळे खळखळून हसले. मला ते हसू अजिबात आवडलं नाही. भाच्याला म्हटलं, नीट सांग, काय झालं होतं?

१७१७ साली शेजारच्या प्रशिया राज्याच्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाकडे वाडवडिलांनी जमवलेलं पोर्सेलीन होतं, पण त्याला त्याची आवड नव्हती. त्याला हवं होतं सैन्य. ऑगस्टसला पोर्सेलीन हवं होतं. तेव्हा ऑगस्टसने आपले ६०० ड्रॅगून, म्हणजे घोडदळातले शिपाई, प्रशियाला दिले. घोडे आणि हत्यारं दिली नाहीत, फक्त माणसं. बदल्यात १५१ भांडी घेतली, आणि हे कलश त्यातलेच. भागाकार केला तर एका भांड्यामागे जवळपास चार माणसं पडतात. त्या शिपायांची प्रशियात पुढे एक पलटण झाली आणि लोक तिला पोर्सेलीनची पलटण म्हणत. त्या माणसांना घरदार असेल, सॅक्सनीत कुणी वाट पाहत असेल. मी त्या कलशांपुढे बराच वेळ थांबले आणि नंतरच्या दालनांत माझं लक्ष लागेना.

एवढी किंमत का? कारण युरोपात ही वस्तू कुणालाच करता येत नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतं मकाऊहून गोव्यामार्गे लिस्बनला पोर्सेलीन नेत. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगिजांचं 'सांता कातारीना' जहाज पकडलं आणि त्यातला चिनी माल अ‍ॅमस्टरडॅमला लिलावात विकला. त्यानंतर उत्तर युरोपातल्या श्रीमंतांना या भांड्यांचं वेड लागलं. चीनमध्ये मिंग घराणं कोसळून माल यायचा थांबला तेव्हा डच व्यापारी जपानमधल्या अरिताकडे वळले, आणि इकडे हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी नक्कल करायला घेतली.

ती नक्कल दुरून फसवते, जवळून नाही. डेल्फ्टचं भांडं साध्या मातीचं असतं. त्यावर कथिल घातलेली पांढरी, अपारदर्शक झिलई चढवलेली असते. काठाचा टवका उडाला की आतली पिवळट-तपकिरी माती उघडी पडते, आपल्या लोणच्याच्या जुन्या बरणीचा कान तुटल्यावर दिसते तशी. पोर्सेलीन फुटलं तर आतूनही पांढरंच निघतं, आणि झिलई कुठे संपली नि अंग कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. पातळ कड दिव्यासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो. झ्विंगरच्या एका मनोऱ्यावर माइसेनच्या पोर्सेलीनच्या खऱ्याच घंटा टांगल्या आहेत. आम्ही अंगणात उभे राहून त्या ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी माइसेन. ड्रेस्डेनहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. टेकडीवर आल्ब्रेख्ट्सबुर्ग नावाचा गॉथिक किल्ला आहे. चढ गुडघ्यांना जाणवतो. युरोपातला अस्सल पोर्सेलीनचा पहिला कारखाना १७१० मध्ये या किल्ल्यात सुरू झाला आणि दीडशे वर्षं तिथेच होता. कारखान्यासाठी ही जागा गैरसोयीची. लाकूड, माती, पाणी सगळं वर चढवायचं. पण कृती गुप्त ठेवायची होती, आणि कारागिरांना आत-बाहेर करू न देण्यासाठी याहून सोपी जागा नव्हती.

ती कृती ज्याच्या नावावर आहे तो योहान फ्रीडरिश ब्योटगर स्वतःच कैदी होता. बर्लिनला औषधवाल्याकडे उमेदवारी करताना आपण सोनं करू शकतो अशी हवा त्याने केली, आणि प्रशियाचा राजा मागे लागल्यावर १७०१ मध्ये सॅक्सनीत पळाला. तिथे ऑगस्टसने त्याला धरून ठेवलं. सोनं कुठून होणार? त्याच्यावर नेमलेले शास्त्रज्ञ चिर्नहाउस मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच कामात होते. मोठ्या भिंगांनी आणि आरशांनी ऊन एका बिंदूवर आणून ते दगडमाती वितळवून बघत. फ्रायबर्गचे खाणकामगार भट्ट्या सांभाळत. गोष्टींत एकटा ब्योटगर येतो, हे मला पटत नाही. भिंग, भट्टी आणि माती या तिघांची माहिती असलेली माणसं एकत्र आली म्हणून हे झालं.

आधी त्यांना लाल, दगडासारखं कठीण भांडं साधलं. चीनच्या यीशिंगच्या चहादाण्यांसारखं, इतकं कठीण की काचेसारखं कापून पॉलिश करता येई. पांढऱ्याचं गणित पुढे सुटलं. १५ जानेवारी १७०८ ची ब्योटगरची नोंद आहे. सात मिश्रणं. पहिल्यात नुसती कोल्डिट्झची पांढरी माती. पुढच्या सहांत मातीबरोबर अलाबास्टर, म्हणजे जिप्समचा पांढरा दगड. दुसऱ्यात चार भाग मातीला एक भाग दगड, तिसऱ्यात पाचाला एक, असं करत सातव्यात नवाला एक. भट्टीत तासन् तास भाजल्यावर अलाबास्टर जास्त असलेले नमुने टिकले नाहीत. शेवटचे तीन, म्हणजे सात, आठ आणि नऊ भाग मातीचे, पांढरे निघाले आणि त्यांतून उजेड आरपार गेला.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून भाच्याने मला कारण समजावलं. "मावशी, नुसती ही माती असल्या भट्टीतही वितळत नाही. ती सच्छिद्रच राहते, म्हणून अपारदर्शक. अलाबास्टरमधलं कॅल्शियम तिचा काही भाग वितळवतं. तो काचेसारखा रस कणांमधल्या फटी भरतो. रस कमी पडला तर भांडं कोरडं राहतं, जास्त झाला तर भांडं आपल्याच वजनाने खाली बसतं."

चिनी कुंभार अलाबास्टर वापरतच नव्हते. ते केओलीन नावाच्या पांढऱ्या मातीत फेल्डस्पार हे खनिज आणि अभ्रक असलेला एक दगड कुटून घालत. जेझुइट पाद्री दांत्रेकोल यांनी १७१२ मध्ये चीनमधून पत्रात हे कळवलं, पण तोवर माइसेनची भट्टी पेटलेली होती. त्या पत्रात एका चिनी व्यापाऱ्याचं बोलणं आहे. युरोपियन लोक नुसता तो दगड घेऊन गेले आणि त्यांना काही जमलं नाही. त्यावर तो म्हणाला, यांना हाडांशिवाय नुसत्या मांसाचं शरीर उभं करायचं होतं. केओलीन म्हणजे हाडं. सगळं रसायन त्या एका वाक्यात आहे आणि मी ते वहीत लिहून घेतलं. माइसेननेही पुढे आउए गावची केओलीन घेतली आणि अलाबास्टर सोडून फेल्डस्पारकडे वळले.

ब्योटगर १७१९ मध्ये ३७ व्या वर्षी मेला. भट्टीच्या धुराने आणि दारूने त्याचं शरीर पोखरलं होतं. गुपितही टिकलं नाही. त्याआधीच एक कारागीर व्हिएन्नाला फुटला होता आणि तिथे दुसरा कारखाना उभा राहिला होता.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा झ्विंगरमध्ये गेलो. या वेळी मला जपानी काकिएमोन शैलीची भांडी बघायची होती. दुधाळ पांढऱ्या अंगावर लाल, निळसर हिरवा आणि पिवळा, थोडीशीच चित्रं, बाकी मोकळी जागा. माइसेनने यांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की त्यातून १७३१ मध्ये मोठं प्रकरण झालं. लमेर नावाचा पॅरिसचा व्यापारी आणि सॅक्सनीचा मंत्री काउंट होयम यांनी मिळून राजाच्या संग्रहातले जपानी नमुने कारखान्यात नेले आणि तशीच भांडी करून घेतली. माइसेनची खूण, एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन निळ्या तलवारी, एरवी झिलईखाली काढत. यांच्या भांड्यांवर ती झिलईच्या वरून काढून घेतली, म्हणजे पॅरिसला पोचल्यावर घासून काढता येईल आणि माल जपानी म्हणून खपेल. जपानी मालाला भाव जास्त होता. होयमला अटक झाली, लमेरला हद्दपार केलं. राजाला राग आला तो या फसवणुकीचा. मला मात्र वाटलं, तीस वर्षांपूर्वी ज्यांना कपचीसुद्धा करता येत नव्हती त्यांचं भांडं पॅरिसचा जाणकार जपानी म्हणून विकत घेईल, हा त्या कारागिरांचा किती मोठा पल्ला होता.

फरक ओळखायचा कसा, ते तिथेच कळलं. अरिताचे भट्टीवाले ताटाचा तळ वाकू नये म्हणून खाली मातीचे टोकदार टेकू देत. ताट काढताना ते मोडत आणि तळावर बारीक, खरखरीत ठिपके राहत. माइसेनच्या तळावर सहसा ते नसतात. काचेच्या कपाटात ताटं उभी ठेवलेली होती आणि तळ दिसत नव्हता, म्हणून भाच्याने संग्रहालयाच्या दुकानातलं पुस्तक उघडून तळाचे फोटो शोधून दिले. ठिपके तीन-चारच होते, मोहरीएवढे.