तांब्यांची क्रियापदं

दुपारी जेवणं झाल्यावर शेजारच्या रेडिओवर ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ लागलं. झोप उडालीच होती, म्हणून भा. रा. तांब्यांचं पुस्तक काढलं. हातात पेन्सिल. कविता वाचताना क्रियापदांखाली रेघा मारायची मला खोड आहे. घरचे याला पुस्तकं खराब करणं म्हणतात.

स्वतःच्याच मरणावर आगाऊ लिहिलेली ही विलापिका. पहिली तीन कडवी नुसती ‘-तील’ची रांग. सूर्य तळपतील, मेघ वर्षतील, सखेसोयरे डोळे पुसतील. नजर आभाळातून शेतात, नदीवर आणि तिथून थेट आपल्या ओसरीवर उतरते. जितकी जवळ येते तितकी जास्त बोचते. सूर्याला आपलं सुतक नाही याचं काही वाटत नाही. पण ‘उठतील, बसतील, हसुनि खिदळतील’? माझी आजी तांदूळ निवडताना हे गुणगुणायची आणि ‘खिदळतील’ला सुपातून मान वर करून आम्हा पोरांकडे बघायची. आम्ही तेव्हा खरंच खिदळत असायचो.

या सगळ्यात रडं असं एकाच ठिकाणी दिसतं. नदीच्या तटावर पुन्हा ‘हेच पाय’ उमटणार नाहीत, तिथे. एरवी टोमणाच जास्त.

चौथ्या कडव्यात पेन्सिल थबकते. ‘रामकृष्णही आले, गेले’. भविष्यकाळ संपला, भूतकाळ सुरू झाला. पुढं काय होईल ही धास्ती होती. आता घडून गेलेल्याचा दाखला आहे. ‘कुणी सदोदित सूतक धरिले?’ हा प्रश्न तर एखाद्या वडीलधाऱ्या बाईनं पदर खोचत विचारावा तसा. रुसवा इथे सैल पडतो, कारण रांगेत आपल्या आधी देव उभे आहेत.

शेवटी कुढावे, गुंतावे, व्हावे. जगाचं बोलणं संपून मन स्वतःला बजावू लागतं. तोवर सगळे आपापल्या कामाला निघालेले. आता पहिल्यांदाच कवीसाठी कुणीतरी येतं, हरिदूत. आणि मग ‘का जिरवु नये शांतीत काय?’ टोमण्यातून निघालेली कविता शांतीपर्यंत पोचते, तीही प्रश्न विचारतच. मला हे सांत्वन थोडं घाईचं वाटतं. दोन कडव्यांपूर्वी सोयऱ्यांच्या हसण्यावर रुसलेला माणूस इतक्यात निवतो?

गाण्यात तर आणखी पंचाईत. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं, म्हणजे कितीही समजूत घातली तरी पुन्हा ‘हाय हाय’. कागदावर कविता पुढे सरकते, गळ्यात घुटमळते. तांब्यांना यातलं कुठलं अभिप्रेत होतं, कोण जाणे. गाणारे कवी होते ते, तेव्हा दोन्ही असेल.