24 तासांत पुसलं जाणारं बोलणं

बुधवार, रात्री 11:20

आज ही वही पुन्हा काढली, कारण डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या एकाने काल सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं एक वाक्य आज दुपारी वाचायला गेले तर ते जागेवर नव्हतं. वाक्य साधंच होतं: फोनचा माइक बिघडलाय, दुरुस्त झाला की बोलू. आणि आज सकाळी सव्वासातला त्याचाच व्हॉइस मेसेज आला. 11 सेकंद, गोड आवाज, ‘गुड मॉर्निंग, दिवस छान जाऊ दे’. मी पोहे परतत होते, तिथेच हात थांबला. माइक बिघडलाय ना?

ऑफिसात डबा खाताना म्हटलं, आपणच काही भलतं वाचलं असेल, बघू या. वर सरकवत गेले. वाक्य नाही. त्याच्या जरा वर एक बारीक करडी ओळ होती, रविवारची, की त्याने या गप्पांवर गायब होणारे मेसेज सुरू केलेत, मुदत 24 तास. ही ओळ मी रविवारीही पाहिली असणार. नजर सरकून गेली असेल. त्याला तेव्हा विचारलंही होतं बहुतेक, आणि तो ‘प्रायव्हसी गं’ असं काहीतरी म्हणाला होता. नक्की काय म्हणाला ते आता सांगता येत नाही, कारण तेही गेलं.

मग असं वाटलं की निदान माझ्याकडे तरी काही लिहिलेलं असावं. म्हणून वही.

क्रमाने लिहिते. मागच्या गुरुवारी अ‍ॅपवर जुळलं. वय 39, पुण्यात नोकरी, आजोळ आमच्याच इंदूरचं, सुदामानगर. फोटो तीन, साधे. त्याचा तिसराच मेसेज: इथे नोटिफिकेशन येत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर ये ना. मी शुक्रवारी नंबर दिला. शनिवारी म्हणाला, तू भेटलीस, आता या अ‍ॅपची गरज काय, मी काढून टाकतोय. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू. 37 वर्षांच्या बाईलाही होतात. संध्याकाळी पाहिलं तर अ‍ॅपवर तो माझ्या यादीत नव्हता, आणि त्याच्याबरोबर आमच्या तिथल्या गप्पाही गेल्या होत्या. तेव्हा वाटलं, किती सच्चा माणूस. बोलला तसं केलं.

सोमवारी रात्री 9:40 ला मी फोन लावला. तीन रिंग, कट. लगेच मेसेज, ‘मीटिंगमध्ये आहे, बोल ना, इथे लिही.’ म्हणजे फोन हातातच होता. महिन्याच्या 20 तारखेला, जीएसटीच्या रिटर्नच्या दिवशी, मीही फोन कापते, त्यामुळे ते मनाला लावून घेतलं नाही. मंगळवारी माइक. बुधवारी 11 सेकंद.

गुरुवार, रात्री

मामेभाऊ रामबागेत आईला भेटायला आला होता. तो काही वर्षं एका कंपनीच्या चॅट सपोर्टमध्ये होता, म्हणून त्यालाच सांगितलं. आईसमोर नाही, गच्चीवर. वाटलं होतं हसेल. हसला नाही.

म्हणाला, ताई, मी कामावर असताना एका वेळी चार गिऱ्हाइकांशी टाइप करायचो. तयार उत्तरं होती, चिकटवायची. फोनच्या लाइनवर मात्र एका वेळी एकच माणूस. आता ज्याला एकाच संध्याकाळी पंधरा बायकांशी प्रेमाचं बोलायचंय, त्याला फोन परवडेल का? लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, आधी काय थाप मारली ते वर जाऊन बघता येतं, मराठी येत नसेल तर भाषांतर करून घेता येतं, आणि शिफ्ट संपली की फोन दुसऱ्याच्या हातात देता येतो. आवाज असा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आणि अ‍ॅप सोडायची घाई? त्याचंही त्याने सरळ सांगितलं. अ‍ॅपवर कुणीतरी तक्रार करतं, खातं बंद होतं, की त्या खात्यावरच्या सगळ्या ओळखी एका झटक्यात तुटतात. म्हणून मासा गळाला लागला की तो आधी आपल्या टोपलीत घ्यायचा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर काय चाललंय ते अ‍ॅपवाल्यांना दिसत नाही. त्याने तुला यादीतून काढलं ना, त्यात तक्रार करायला हाताशी असलेली त्याची प्रोफाइलही गेली.

शनिवारचं ते ‘तू भेटलीस’ आठवलं आणि कान गरम झाले.

मग आम्ही टाइमर लागण्याआधीचे, म्हणजे शुक्रवार ते रविवारचे मेसेज काढून बसलो. ते शाबूत आहेत, टाइमर फक्त पुढच्या मेसेजना लागतो. रोमन लिपीत लिहितो तो. भाऊ म्हणाला, स्पेलिंग बघ. सकाळचे सगळे `kay karte aahes`, नीट, स्वर भरलेले. रात्री नऊनंतरचे `ky krtes`. तिन्ही दिवस तसंच. सकाळी ‘तुम्ही’ दोनदा आलंय, रात्री कधीच नाही. दमलेला माणूस स्वर खातो हे मान्य, मीही खाते. पण एकच माणूस सकाळी `mala` आणि रात्री नेमाने `mla` लिहील? हा पुरावा नाही. पण दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना.

भावाने त्याच्या नंबरवर साधा फोन लावायला लावला, इंटरनेटवरून नाही. स्विच्ड ऑफ. त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑनलाइन’. परदेशात असता, जहाजावर असता, तर समजलं असतं. पुण्यात बसलेल्या माणसाचं सिम बंद आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू, याला कारणं असू शकतात, दुसरा फोन वगैरे. पण कारणं शोधायचं काम माझ्याकडेच का यावं?

आईला शेवटी कळलंच. तिचा प्रश्न एकच, सुदामानगरात कोणाचे? इथल्या मराठी घरांत दोन फोन केले की माणूस सापडतो, ती अजून त्याच भरवशावर आहे. मी त्याला विचारलं. उत्तर आलं, ‘लहान होतो गं, आठवत नाही, तुझे डोळे मात्र आठवतात.’ आजोबांचं आडनाव विचारलं होतं मी.

शनिवार

भाऊ जाताना म्हणाला होता की फोन टाळतो म्हणजे लबाडच, असं धरू नकोस. हे मला पटलं, कारण दुसरं उदाहरण माझ्याकडेच आहे. त्याच अ‍ॅपवर ग्वाल्हेरचे एक गृहस्थ आहेत. तीन आठवडे झाले, त्यांनीही फोन केलेला नाही. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी कारण लिहिलं होतं, मी फोनवर अडखळतो, समोर बसलो की बराच कमी. आणि लगेच पर्याय, पुढच्या महिन्यात कामासाठी इंदूरला येतोय, सानंद संस्थेच्या नाटकाला किंवा सकाळी पोह्यांना भेटू, आईंनाही आणा. नंबर मागितला नाही. अजून अ‍ॅपवरच लिहितात, तेही दिवसाआड, आणि कारण आजही तेच आहे.

पुण्याच्या या माणसाचं कारण मात्र रोज बदलतं. मीटिंग, माइक, शेजारी रूममेट, डोकं दुखतंय. आणि प्रत्येक नकारानंतर लगेच लाडाचा एक मेसेज येतो, म्हणजे मी नकार विसरावा. पर्याय एकदाही आला नाही.

म्हणून काल रात्री मी अगदी ठरावीक मागणी ठेवली. शनिवारी सकाळी 9 ते 10, दोन मिनिटं, साधा फोन, चेहरा नको. नाही जमलं तर रविवारची वेळ तू सांग. यात लाजऱ्या माणसालाही जागा होती, कामात असलेल्यालाही. व्हिडिओ मुद्दाम मागितला नाही. एक तर हल्ली चेहरा बनवताही येतो, आणि दुसरं, रात्री उशिरा व्हिडिओसाठी मागे लागणारे वेगळेच, त्यांचा धंदा रेकॉर्डिंग करून धमकावण्याचा. मला फक्त बघायचं होतं की तो माझ्यासाठी दोन मिनिटं एकट्या माझ्याशी राहतो का.

उत्तर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ‘विश्वास नाही ना माझ्यावर? सगळ्याजणी सारख्याच.’ मग दोन तास गप्प. मग एकामागून एक इतके मोठे मेसेज की बोट दुखलं, आधीच्या बायकोने केलेला दगा, एकटेपणा, रडलो आज. पैशांचा शब्द नाही. अजून तरी. शेवटी एक ओळ, इथे नीट बोलता येत नाही, टेलिग्रामवर ये. म्हणजे पुन्हा पुढचं घर. माझ्या प्रश्नाला हो नाही, नाही नाही, रविवारही नाही.

सकाळी 10 पर्यंत वाट पाहिली. का पाहिली माहीत नाही. चहा दोनदा झाला.

10:15 ला स्क्रीनशॉट काढले, टाइमरनंतरचे मात्र 24 तासांच्या आतले होते तेवढेच मिळाले. नंबरही टिपून ठेवला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आधी रिपोर्ट, मग ब्लॉक. रिपोर्ट केल्यावर त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. माझ्या बाबतीत ते पाचही रडण्याचे होते. वाचणाऱ्याला मीच दगडाच्या काळजाची वाटेन. अ‍ॅपच्या मदत विभागालाही जुळल्याची तारीख आणि प्रोफाइलवरचं नाव लिहून पाठवलं, चॅट माझ्याकडे नाही हेही लिहिलं. पैसे गेले असते तर लगेच 1930 वर फोन करायला हवा होता. ते गेले नाहीत, म्हणून फक्त cybercrime.gov.in वर संशयित नंबर म्हणून नोंदवला.

भावाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला, बस.

तो खरंच कोण होता, एक होता की तीन होते, हे मला कधी कळणार नाही. आजोळ सुदामानगरचं असलेला, माइक बिघडलेला, खरोखर रडलेला एखादा माणूसही असू शकतो. ही शंका रात्री झोपताना येते. मग मी बुधवारचं पान उघडते.

रविवार

ग्वाल्हेरहून फोन आला. दुपारी, मी सेव आणायला मार्केटला गेले होते, अनोळखी नंबर. अ‍ॅपवर काल त्यांनीच विचारलं होतं, नंबर देता का, एक गोष्ट लिहून सांगण्यासारखी नाही. त्यांची इंदूरची खेप रद्द झालीय, आईचं पाय घसरून मनगट मोडलं. एवढं सांगायला त्यांना बराच वेळ लागला, ‘म’ वर तर फार. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आणि कुणीतरी वयस्क बाई ओरडत होती, गॅस बंद कर आधी.